मामाजींचं होय

आमच्या घरात कार्यक्रम ठरत नसत, ते कानावर पडत. अकोल्याच्या जुन्या शहरात माझे जेठ, म्हणजे मोठे दीर, गजेंद्रभाऊ आणि जाऊ रागिणीताई फुलांचं दुकान चालवतात, अमरावतीला नणंद आरतीताई, आणि इकडे चांदूर बाजारजवळ शेतावर मी, माझा नवरा देवानंद आणि सासरे किसनराव, ज्यांना मी मामाजी म्हणते. शेत एक, दुकान एक, सातबारा एक, पण तारखा ज्याच्या त्याच्या डोक्यात. फोनवर घरचा ग्रुप होता, पण त्यात रोज सकाळी गुलाबाच्या चित्रांचा एवढा ढीग पडायचा की कामाची गोष्ट त्याच्या खाली दबून जायची. फुलं पिकवणाऱ्या लोकांनी एकमेकांना फुलांची चित्रं काहून पाठवावी, हे मला आजवर समजलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात कहर झाला. आरतीताईंची घरभरणी, रागिणीताईंच्या भाच्याचं बारसं आणि मामाजींच्या डोळ्यांची तपासणी, तिन्ही एकाच दिवशी निघालं. मामाजी तिन्ही ठिकाणी हवे होते आणि त्यांनी तिन्ही ठिकाणी येतो म्हणून सांगितलं होतं. शेवटी ते कुठेच गेले नाहीत, कारण कुठून सुरुवात करावी यावर वाद होता होता दुपार झाली. त्यानंतर खुशी लॅपटॉप घेऊन आली. खुशी म्हणजे रागिणीताईंची मुलगी, अकोल्यात कॉलेजात शिकते आणि आमच्या सगळ्यांवर चिडण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

तिनं एक कॅलेंडर बनवलं, त्याला घराचं नाव दिलं आणि आम्हा सहा जणांच्या फोनवर ते जोडलं. कुणीही त्यात लिहू शकेल, कुणीही बदलू शकेल. अकोल्याचं निळं, अमरावतीचं हिरवं, आमचं शेताचं पिवळं. तिनं नियम दोनच सांगितले. नुसती माहिती असेल तर लिहून सोडून द्या. पण ज्याच्या येण्यावाचून काम अडणार आहे, त्याला त्या नोंदीत पाहुणा म्हणून जोडा. मग त्याच्या फोनवर विचारणा जाते, खाली होय, नाही, कदाचित असे तीन पर्याय येतात, आणि त्यानं काय दाबलं ते त्याच्या नावापुढे सगळ्यांना दिसतं. वर लॅपटॉपवरून तिनं अशी सोय करून ठेवली की कुणी उत्तर दिलं की बाकीच्यांना ईमेलही जाईल. मामाजींचं ईमेल खातं तिनंच उघडून दिलं. त्यांना वाटलं, पोस्टाचं नवीन काही असेल.

महिनाभर गंमत चालली. रागिणीताईंनी रक्ततपासणी टाकली, आरतीताईंनी मुलीच्या दाताच्या डॉक्टरची वेळ टाकली, मी झेंडूच्या तोडण्या टाकल्या. देवानंदनं एकदा 'मोटार दुरुस्ती' असं लिहिलं आणि ते रोज परत येईल असं काहीतरी दाबून ठेवलं. सात दिवस आम्ही सगळे रोज सकाळी मोटार दुरुस्तीची घंटी ऐकत होतो, शेवटी खुशीनं ती सगळीच्या सगळी पुसली. त्याच्या मोटारीकडे पाहता त्याची नोंद बरोबरच होती म्हणा.

आता खरी भानगड. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला सोडून कार्यक्रम करत नाहीत. पत्रिका पहिली त्यांच्या हातात. त्यामुळे जो तो नोंद करताना मामाजींना पाहुणा म्हणून जोडू लागला. काम असो नसो, मान म्हणून. रागिणीताईंच्या रक्ततपासणीत मामाजी, खुशीच्या परीक्षेत मामाजी, दुकानाच्या शटरला तेल द्यायचं होतं त्यातही मामाजी. आणि मामाजी प्रत्येक ठिकाणी होय. एकही सुटलं नाही. सकाळी चहा झाला की ते चष्मा लावून बसत, फोन हातभर लांब धरत आणि पडलेल्या सगळ्या विचारणांना होय दाबत. आम्हाला कौतुक वाटायचं. शहात्तर वर्षांचा माणूस, बघा कसा शिकला.

पहिली ठिणगी अमरावतीत पडली. दाताच्या डॉक्टरकडे जायच्या दिवशी आरतीताईंनी पाहिलं, बाबांच्या नावापुढे होय. माऊलीनं वांग्याचं भरीत केलं, भाकरी टाकल्या आणि दोन वाजेपर्यंत रस्त्याकडे पाहत बसली. बाबा इकडे शेतात पाइपाला गाठी मारत होते. आरतीताईंनी फोन करून हसत हसत विचारलं, पण त्या हसण्यात थोडं दुखलेलं होतं, ते मला ऐकू आलं. मामाजींनी उत्तर दिलं की लेकीनं बोलावलं तं हो म्हनलं, येतो असं कुठं म्हनलं? सगळे हसले. मीही हसले. तेव्हा हसायला नको होतं.

*

माझं माहेर परतवाड्याचं. आमच्या शेतापासून तासाभराचा रस्ता, जीप मिळाली तर त्याहून कमी. आणि तरी माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली, या सोळा वर्षांत माहेरच्या एकाही लग्नात मी अक्षता टाकलेल्या नाहीत. कारण साधं आहे. ज्या दिवशी मुहूर्त असतो, त्या दिवशी साऱ्या मुलखात लग्नं असतात, आणि ज्या दिवशी साऱ्या मुलखात लग्नं असतात त्या दिवशी फुलवाल्याच्या घरात कुणाला मान वर करायला वेळ नसतो. पहाटे तोडणी, मग निवडणं, कॅरेट भरणं, गाडी रवाना करणं. तोडणीला येणाऱ्या चौदा बाया माझ्या शब्दावर येतात. पार्बताबाई त्यांची पुढारी, आणि तिला देवानंदनं फोन केला तर ती विचारते, शालू कुठं हाय. मी नाही तर बाया नाहीत, बाया नाहीत तर फूल नाही.

म्हणून चुलतबहिणीच्या लग्नात मी पोचले तेव्हा आहेर चालू होते. मामेभावाच्या लग्नात पंगत उठली होती. मावसबहिणीच्या वेळी तर नवरी गाडीत बसलेली होती, मी काचेतून तिचा हात धरला आणि ती म्हणाली, तुम्ही आत्ता आल्या? हिरव्या साडीवर झेंडूचे डाग, नखांत काळी माती, अशी मी प्रत्येक लग्नात शेवटी जाते आणि लोक म्हणतात, आली फुलवाली. फुलं मात्र माझी वेळेवर पोचलेली असतात. मंडपाच्या खांबाला माझ्याच हातची शेवंती, आणि मी नाही.

या वर्षी माझ्या सख्ख्या भावाचं, नितेशचं लग्न ठरलं. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्याला मी कडेवर खेळवलं आहे. वडील नाहीत, आई आणि तो. साक्षगंध झालं त्या दिवशीच आईनं तारीख सांगितली, बारा डिसेंबर, आणि मग थोडं थांबून म्हणाली, तुला जमेल तसं ये बाई. हे 'जमेल तसं' मला फार लागलं. आईनंसुद्धा आशा सोडली होती.

मी त्याच दिवशी फोन काढला. दहा, अकरा, बारा, तेरा, चार दिवसांची पूर्ण दिवसाची नोंद टाकली. 'शालू परतवाड्याला. नितेशचं लग्न.' तोंडानं विचारलं नाही. आमच्याकडे सून माहेरी जायचं तोंडानं विचारते तेव्हा समोरचा माणूस छताकडे पाहतो आणि पाहू म्हणतो. या पाहूचं काय होतं ते मी सोळा वर्षं पाहत आले. कॅलेंडरात पाहू नाही. तिथे कदाचित आहे, पण कदाचित निदान लिहून तरी दिसतं. मामाजींना पाहुणा म्हणून जोडलं आणि देवानंदला जोडलं.

देवानंदचं उत्तर आलं नाही, त्याला ते पर्याय कुठे दाबायचे तेच सापडत नाही. मामाजींचं दुसऱ्या दिवशी सकाळी चहानंतर आलं. होय.

मी शेवंतीच्या वाफ्यात उभी होते. ईमेल वाचला आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. तीन महिने आधी घराच्या मोठ्या माणसानं लिहून दिलेली परवानगी. मी पार्बताबाईला सांगितलं, मी चार दिवस नाही. आईला सांगितलं, हळद मी लावणार. नितेश म्हणाला, ताई, खरं का? मी म्हटलं, मामाजींनी होय दाबलं आहे, बघ पाहिजे तर. मी त्याला फोटो काढून पाठवला. तीन महिने मी एवढी गोड वागले की देवानंदनं मला एकदा विचारलं, तुले बरं वाटत नाई का?

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गजेंद्रभाऊंची नोंद आली. निळी. 'अकोला, मोठं लग्न, सजावट. तीनशे किलो झेंडू, ऐंशी किलो शेवंती. शेतावर तोडणी, गाडी भरणं, बारा डिसेंबर, पहाटे चार.' पाहुणे म्हणून मामाजी, देवानंद आणि मी.

मी ती उघडली. मामाजींच्या नावापुढे होय.

त्याच दिवशीच्या वरच्या पट्टीत माझी पिवळी नोंद आडवी पसरलेली होती आणि खाली चारच्या रकान्यात त्यांची निळी. दोन्ही उघडून पाहिल्या. दोन्हीत किसनराव, होय. भाऊंनी माझी पट्टी पाहिली नाही असं नाही. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, पाहिली ना, पण तू दरवेळी फूल रवाना करून दुपारून जातच असते, तशी जाशील असं वाटलं. आणि बाबा हो म्हटले, म्हणून मी त्या पार्टीला शब्द दिला. त्यांच्या आवाजात काही वाईट नव्हतं. तेच जास्त वाईट होतं. त्यांना वाटतच नव्हतं की मी अक्षतांच्या वेळी तिथे असायला पाहिजे.

मला राग आला की मी भांडी घासते. त्या दिवशी घासलेली भांडी परत घासली. देवानंद दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, पाहू. मी हातातली घासणी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहत धरली की तो मोटार बघायला निघून गेला.

*

मामाजी अंगणात बाजेवर बसून शेवंतीची रोपं मोजत होते, पुढच्या लागवडीची. मी फोन त्यांच्यासमोर धरला. दोन्ही नोंदी दाखवल्या. विचारलं, यातलं खरं कोणतं?

त्यांनी चष्मा लावला, दोन्ही वाचल्या, आणि अगदी निर्मळ मनानं म्हणाले, दोन्ही. मग समजावून सांगायला लागले. बोलावणं आलं की हो म्हणायचं असते. पत्रिका घेऊन माणूस दारात उभा राहते तेव्हा आपण त्याच्या तोंडावर नाही म्हणतो का? येतो म्हणतो, पाणी देतो, गूळ देतो, मग जमलं तर जातो. त्यांच्या बापानंही कुणाला नाही म्हटलं नाही. नाही हा शब्द त्यांच्या दारात चालत नाही.

मी म्हटलं, "मामाजी, ह्या पत्रिका नाईत. ह्याच्यात तुमी हो दाबलं का समोरचा माणूस पुढच्या कामाले लागते. आरतीताईनं भाकरी टाकल्या. भाऊनं पार्टीले शब्द देला. अन मी माह्या आईले सांगतलं का हळद मी लावीन."

त्यांनी परत दोन्ही नोंदींकडे पाहिलं.

"तुमचं हो पाहून मी तीन महिने खुशीत हावो," मी म्हटलं. "तुमाले जर नुसता मान ठेवाचा होता तं मले तसं सांगाचं होतं. मी आशा लावली नसती."

रडू फुटलं मला. सासऱ्यासमोर रडायची माझी ही दुसरी वेळ, पहिली सासूबाई गेल्या तेव्हाची. मामाजींनी रोपांची पेंडी खाली ठेवली. त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं, ते मला दिसत होतं, आणि मला त्यांची दयाही आली आणि त्या दयेचा रागही आला. मी घरात निघून आले.

दुपारी त्यांनी खुशीला फोन लावला. मोठ्या आवाजावर, कारण त्यांना दुसरा आवाज माहीत नाही. विचारलं, मी आतापर्यंत कुठं कुठं हो म्हटलं ते सांग. खुशी वाचू लागली. रक्ततपासणी, होय. शटरचं तेल, होय. आरतीआत्याच्या सोसायटीची बैठक, होय. चोवीस ऑगस्टला सकाळी अकरा वाजता आबा अमरावतीत दाताच्या डॉक्टरकडे होते आणि त्याच वेळी अकोल्यात खुशीच्या तोंडी परीक्षेलाही होते. पुढे वाचता वाचता तिला हसू आवरेना. एकूण त्रेसष्ट ठिकाणी हो. मी चुलीजवळ ऐकत होते. एवढ्या रागातही मला हसू आलं, ते मी पदरात दाबलं.

मामाजी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, त्यातल्या किती ठिकाणी मी गेलो? खुशी थांबली. मग हळूच म्हणाली, दोन. त्यातलं एक आपल्याच अंगणात होतं, आबा.

ते फोन तसाच हातात धरून बसले होते. खुशीनं कधीच ठेवून दिला होता.

त्या संध्याकाळी ते जेवले आणि सरळ बाजेवर जाऊन पडले. मी मनात धरून चालले की आता होणार ते ठरलेलंच. तोडणी पहाटे चारला सुरू होईल, बाया मी आणीन, दहा-अकरापर्यंत निवडून गाडी भरून होईल, आणि मी आंघोळ करून जीप पकडीन. आदला दिवस बाया आणि कॅरेट जुळवण्यात जाईल, म्हणजे हळदही दुसरं कुणी लावेल. पार्बताबाईला परत फोन करून बारा तारखेला मी आहे म्हणून सांगायला पाहिजे, असं स्वतःला बजावत होते, पण हात फोनकडे जाईना.

*

सकाळी चहानंतर मामाजी रोजच्या जागी बसले. मी भाकऱ्या थापत होते. फोन वाजला, ईमेल होता. वरच लिहिलेलं होतं, नाकारलं. कोण, तर किसनराव. काय, तर मोठं लग्न, सजावट, बारा डिसेंबर, पहाटे चार.

मी तवा उतरवला आणि ती नोंद उघडून पाहिली. त्यांच्या नावापुढची होयची खूण गेली होती, त्या जागी 'नाही' आलं होतं. माझ्या पिवळ्या पट्टीत होय होतं तसंच होतं.

खुशीनं केलेल्या सोयीप्रमाणे तो ईमेल सगळ्यांना गेला होता. पहिला फोन आरतीताईंचा आला, बाबांची तब्येत कशी आहे म्हणून. पाच मिनिटांत गजेंद्रभाऊंचा. त्यांनाही वाटलं की बाबांना चक्कर आली आणि हात भलतीकडे पडला. त्यांचं तरी काय चुकलं? शहात्तर वर्षांत त्या माणसानं कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं, आणि पहिलं नाही मोठ्या मुलाला.

मामाजींनी फोन मोठ्या आवाजावर टाकला. मी भिंतीआड होते, ते त्यांना माहीत होतं.

भाऊ म्हणाले, बाबा, पार्टीला शब्द दिला आहे. मामाजी म्हणाले, "थो शब्द तू माह्यावर देला. अन मी त्याच्या आधी पोरीले देला होता. तिचा पहिला हाय, तुहा दुसरा हाय. पहिला पाळतो."

भाऊंनी विचारलं, मग फूल कुठून आणू?

"अकोटकडं पाय. तिकडं लय शेतं हायेत झेंडूची. आपल्या शेताचं फूल त्या दिवशी जेवढं निघन तेवढं निघन, मी अन देवानंद पाहू. पण शालू त्या दिवशी इथं नाई. तिच्या भावाचं लगन हाय, गजू. काय म्हनून राहिलो, समजलं का?"

पलीकडे फोनची ओढाताण ऐकू आली. मग रागिणीताईंचा आवाज आला, फोन त्यांनी भाऊंच्या हातून घेतला होता. म्हणाल्या, मी यांना त्याच दिवशी म्हटलं होतं की वरची पट्टी पाहा. मग त्यांनी सांगितलं की अकोटला त्यांच्या ओळखीचा अनुप म्हणून शेतकरी आहे, त्याच्याकडे फूल मिळेल, त्या स्वतः बोलतील, काळजी करू नका. आणि शेवटी, शालू ऐकत असेल तर तिला सांगा, माझ्याकडची जांभळी पैठणी नेसायला घेऊन जा. मी भिंतीआडून ओरडले, ऐकून राहिली. तिकडे सगळे हसले. भाऊसुद्धा.

दुपारपर्यंत भाऊंनी ती निळी नोंद स्वतः बदलली. शेताच्या जागी अकोट लिहिलं आणि आम्हा तिघांची नावं काढून टाकली.

देवानंद संध्याकाळी आला आणि माझ्यासमोर फोन धरून म्हणाला, मले सापडलं कुठं दाबाचं थे. त्यानं माझ्या नोंदीवर होय दाबलं होतं. तीन महिन्यांनी. मी म्हटलं, आता काय उपयोग, तर म्हणाला, असू दे ना, राहिलं नको.

*

दहा तारखेला देवानंद मला परतवाड्याला सोडून आला. अकराला मी नितेशला हळद लावली. पहिला हात माझा. गालाला, कपाळाला, दोन्ही दंडांना, आणि त्याचं नाक लहानपणी पुसायचे तसं पुसून नाकालाही. तो ओरडला, आई हसली, आणि माझ्या नखांत त्या दिवशी मातीऐवजी हळद होती.

बारा तारखेला मंडपात मी आईच्या शेजारी उभी होते. जांभळी पैठणी, अंबाड्यात विकत घेतलेला गजरा. हो, विकत. आयुष्यात पहिल्यांदा मी फूल विकत घेतलं आणि भावही केला नाही. मंगलाष्टकं सुरू झाली. सोळा वर्षांनी माझ्या मुठीत अक्षता होत्या आणि कुठे पोचायची घाई नव्हती. मी प्रत्येक 'सावधान'ला टाकल्या, एकदाही चुकले नाही. शेवटी मूठ रिकामी झाली तेव्हा शेजारच्या बाईच्या हातातल्या थोड्या मागून घेतल्या.

देवानंद आणि मामाजी त्याआधीच पोचले होते. सकाळची तोडणी मामाजींनी बायांच्या मागे उभं राहून करवून घेतली आणि पार्बताबाईनं त्यांना तीनदा ऐकवलं की शालूले असं चालत नाई. मामाजी नव्या फेट्यात पुढच्या रांगेत बसले होते. माझ्या आईनं त्यांना हात जोडले. ते म्हणाले, या लग्नाचं हो मी मनापासून म्हटलं होतं. आईला अर्थ कळला नाही. जेवण करून दोघं परत गेले, शेत एकटं होतं.

तेरा तारखेला सकाळी मी नव्या वहिनीला पोहे करायला घेऊन बसले होते. तिचं नाव पूर्वा, पण आई तिला अजून 'बाई' म्हणत होती, आणि ती बिचारी मीठ विचारायलाही लाजत होती. माझं घर, माझी चूल, आणि पहिल्यांदाच कुणी दुसरी तिथे नवीन होती. मला तिला खूप काही सांगायचं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

नवीन नोंद. लिहिणारे किसनराव. त्यांनी स्वतः टाकलेली पहिली. 'शालूले आनाले जाने. परतवाडा. तेरा डिसेंबर, दुपारी चार.' पाहुण्यांत एकच नाव, माझं. खाली होय, नाही, कदाचित.

माझ्याच नोंदीत तेरा तारखेपर्यंत लिहिलं होतं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. आज निघायचं हे मीच ठरवलं होतं. आई ओट्याशी कांदा चिरत होती, तिचा विळीवरचा हात थांबला. पूर्वानं पोह्यांवर पाणी शिंपडता शिंपडता माझ्याकडे पाहिलं.

सोळा वर्षांत मी त्या घरात कुणालाही नाही म्हटलेलं नाही. कुरकुर केली, भांडी आपटली, रडले, पण तो शब्द असा समोर ठेवला नाही. मी नाही दाबलं. सोबत टीप लिहायची सोय असते, त्यात लिहिलं, 'मामाजी, आजून दोन दिवस राह्याचं हाय.' पाठवलं आणि फोन पिठाच्या डब्यावर उलटा ठेवला. पूर्वाला म्हटलं, मीठ टाक, घाबरू नको.

पोहे ताटलीत पडेपर्यंत फोन परत वाजला. नोंद बदलली होती. तारीख पंधरा, वेळ तीच, चार. खाली वर्णनाच्या जागी मामाजींनी एक ओळ लिहिली होती, 'बायांले मी सांगतलं.'

मी होय दाबलं आणि आईला म्हटलं, परवा जाते. आईनं आणखी एक कांदा घेतला.